परिपाठातील भाषण : जेवणाआधी हात, जेवणात ताजे अन्न

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सहकारी शिक्षक, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि विद्यार्थी मित्रांनो,

आज १५ ऑक्टोबर. वाचन प्रेरणा दिन म्हणून आपण हा दिवस ओळखतोच, परंतु २००८ सालापासून जगभर हाच दिवस 'जागतिक हात धुणे दिन' म्हणूनही पाळला जातो. म्हणून आजच्या परिपाठातील पाच-सात मिनिटे मी आपल्या हातांविषयी आणि आपल्या डब्याविषयी बोलणार आहे.

मागच्या आठवड्यात सहावीच्या वर्गात आम्ही एक साधा प्रयोग केला. मधल्या सुट्टीआधी स्वच्छ पाण्याने भरलेले एक पांढरे घमेले टेबलावर ठेवले आणि पाच जणांना त्यात साबण लावून हात धुवायला सांगितले. धुण्याआधी प्रत्येकाने आपले हात उलटसुलट करून दाखवले होते आणि "बाई, स्वच्छच आहेत" असे सांगितले होते. पाचव्या मुलाचे हात धुऊन झाले तेव्हा घमेल्याचा तळ दिसत नव्हता, पाणी राखेसारखे झाले होते आणि कडेला खडूचा व मातीचा थर बसला होता. त्या पाण्याकडे पाहून वर्ग गप्प झाला. मला मात्र त्यापुढचे सांगायचे होते, ते असे की घमेल्यात जे दिसले ते केवळ मळ होता; आजार घडवणारे जंतू त्याहून कितीतरी लहान असतात आणि ते त्या पाण्यातही कोणाला दिसले नसते. अतिसार, विषमज्वर म्हणजे टायफॉइड, एका प्रकारची कावीळ आणि पोटातील जंत, यांचा एक नेहमीचा रस्ता हातावरून घासात आणि घासातून पोटात असाच जातो. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत तुम्हाला जंतांची गोळी मिळते ती आवश्यकच आहे, पण ती घेऊनही हात न धुता जेवत राहिलात तर जंत पुन्हा होऊ शकतात.

नुसत्या पाण्याने हात ओले करून चड्डीला पुसणे म्हणजे हात धुणे नव्हे. हातावर घामाचा आणि तेलाचा एक पातळ थर असतो, जंतू त्याला धरून बसतात आणि तेलावर पाणी ठरत नाही, हे तुम्ही आईला तेलकट कढई घासताना पाहिले असेल. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. त्यामुळे चोळताना तेल, मळ आणि जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. यासाठी किमान २० सेकंद चोळावे लागते. घड्याळ नसेल तर सातचा पाढा सावकाश, एकदा पूर्ण म्हणा. तळवे सगळेच चोळतात; बहुतेकांचे राहून जातात ते अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांची टोके, आणि घास तर आपण बोटांच्या टोकांनीच उचलतो. हात चोळत असताना नळ बंद ठेवा. गंगापूर धरणातून आपल्यापर्यंत येणारे पाणी फुकट घालवून मिळवलेली स्वच्छता मला मान्य नाही.

मखमलाबाद आणि आडगावकडून येणाऱ्या मुलांना एक वेगळी सूचना करते. सध्या द्राक्षबागांत छाटणी चालू आहे आणि तुमच्यापैकी काही जण सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर मळ्यात जाता. छाटणीनंतर काडीला लावायचे औषध विषारी असते. त्याला मुलांनी हात लावूच नये, आणि बागेत नुसते फिरून आलात तरी साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही शिवू नये.

हात धुण्याने किती फरक पडतो, याचे एक जुने उदाहरण मोठ्या वर्गांसाठी सांगते. १८४७ साली व्हिएन्नामधील एका रुग्णालयात बाळंतिणी तापाने दगावत असत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी, शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खोलीत येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातील सुमारे १८ माता मरण पावत होत्या, ते प्रमाण जूनमध्ये सुमारे दोनवर आले. त्या काळी जंतूंमुळे आजार होतात हे सिद्ध झालेले नव्हते. तरीही हात धुतल्याने माता वाचल्या.

आता शिळ्या अन्नाविषयी. मी पाचवीत असताना घरी एका कार्यातून पातेलेभर मसालेभात आला होता. तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून आम्ही भावंडांनी खाल्ला. त्याला वास नव्हता, चवही बिघडली नव्हती. दिवेलागणीच्या आधीच आम्हा तिघांनाही उलट्या सुरू झाल्या आणि धाकट्या भावाला सलाइन लावावे लागले. गरम केलेले अन्न बाधले कसे, हे आईला कितीतरी दिवस उमगले नाही. त्याचे कारण मला पुढे विज्ञान शिकताना कळले. तांदळात असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवण्यानेही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढीला लागतात आणि असे विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून "उकळले की चालते" हा समज मनातून काढून टाका. आंबूस वास, बुरशी किंवा सुटलेली तार दिसली तर अन्न टाकायचेच, पण यांपैकी काही दिसत नाही म्हणून ते चांगले आहे असे मानायचे नाही. विचारायचा प्रश्न एकच आहे : हे केव्हा शिजवले आणि तेव्हापासून कोठे ठेवले होते?

शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, असे आरोग्य क्षेत्रातील जाणकार सांगतात, आणि ऑक्टोबरच्या या उकाड्यात तर हे कटाक्षाने पाळायला हवे. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी खाणाऱ्यांनी वरण-भात किंवा दुधाचे पदार्थ न आणता पोळी आणि सुकी भाजी आणावी. येथे कोणाच्याही घरच्या जेवणाला मी नावे ठेवत नाही. कोरडी भाकरी दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून आपल्या आजी-आजोबांनी खाल्ली आणि ती आजही खाल्ली जाते. भाकरीत ओल कमी असल्यामुळे ती भातासारखी लवकर बिघडत नाही. धोका आहे तो ओल्या, दुधाच्या आणि बाहेर राहिलेल्या पदार्थांचा. दिवाळीतही हेच ध्यानात ठेवा. चिवडा आणि शंकरपाळी टिकतात, खव्याची मिठाई मात्र आणल्या दिवशीच संपवावी. अन्न टाकणे कोणालाच आवडत नाही, म्हणून घरी आईला सांगा की भात लागेल तेवढाच घालूया आणि उरलाच तर निवताच फ्रिजमध्ये ठेवूया.

जेवणाआधी श्लोक म्हणताना आपण हात जोडतो. ते हात आधी धुतलेले असावेत, एवढी माझी विनंती आहे. आजपासून नळांपाशी जाळीच्या पिशव्यांत साबण बांधलेले असतील आणि मधली सुट्टी पाच मिनिटे लवकर होईल. पहिली ते चौथीची मुले आधी जातील, नववीची मुले त्यांच्याजवळ उभी राहून अंगठे आणि नखे धुतली जातात की नाही ते पाहतील, आणि हात धुऊन आलेल्यांनाच ताई खिचडी वाढतील. शिक्षकांच्या रांगेत सर्वांत पुढे मी उभी असेन.