थायरॉइडची तपासणी : कुणाला हवी, कुणाला नको

नमस्कार मंडळी.

सुरुवात एका पेशंटपासून करते. बाई ७४ वर्षांच्या, रोज सकाळी तासभर चालणाऱ्या, तक्रार काहीच नाही. मुलाने वाढदिवसाला हौसेने फुल बॉडी चेकअप करून दिलं. रिपोर्टमध्ये टीएसएच ६.१ आणि शेजारी ठळक अक्षरांत 'हाय'. घरातले घाबरले, गोळी सुरू झाली, पुढे डोसही वाढला. सहा महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा रात्री झोप नव्हती, छातीत धडधड होती. मी नाडी धरली तर ठोक्यांना ताळतंत्रच नव्हतं. नवा टीएसएच होता ०.०५, म्हणजे गोळी जास्त होत होती. थांबवली. काही आठवड्यांत ठोके जागेवर आले. आजार नव्हताच, तो आपण गोळीने आणला. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम. थायरॉइड मंदावली की हुकूम चढतो, जोरात चालली की उतरतो. पण वयाप्रमाणे तो थोडा चढतोच. रिपोर्टवर छापलेली साधारण ४ ते ४.५ ही वरची मर्यादा बहुतेक वेळा सगळ्या प्रौढांसाठी एकच असते. ऐंशीच्या घरातल्या तब्येतीने ठीक माणसाचा ६ किंवा ७ आला, तर तो त्या वयाला साजेसाही असू शकतो.

मग "थोडा वाढलाय, गोळी घेतलेली बरी" असं म्हणावं का? हे तपासून झालंय. २०१७ साली ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा टीएसएच किंचित वाढलेला, पण टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, नॉर्मल. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच. वर्षभराने थकवा आणि इतर त्रास दोन्हीकडे सारखेच. म्हणून असा रिपोर्ट आला की घाई नको. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर पुन्हा करा. बरेचदा आकडा आपोआप खाली येतो. मोठ्या आजारपणात किंवा त्यातून उठताना केलेली तपासणी तर फसवतेच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही आकडे बिघडवतं. रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवा. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला, तर मात्र उपचाराचा विचार होतो.

वजनाबद्दल मला नेहमी विचारतात. थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन सहसा दोन ते पाच किलो, त्यातही बरंचसं पाणी. पंधरा किलोंचा दोष तिला देता येत नाही. शिजवलेला कोबी, फ्लॉवर बंद करायचीही गरज नाही. आणि 'थायरॉइडसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनीच ग्रंथी बिघडू शकते.

गळ्याची सोनोग्राफी 'एकदा बघून घेऊ' म्हणून करू नका. उतारवयात बारीक गाठी कितीतरी जणांना असतात, त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. दक्षिण कोरियात अशा तपासण्या सर्रास सुरू झाल्या आणि १९९३ ते २०११ दरम्यान थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं. मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांची ग्रंथी काढली गेली. गाठ हाताला लागली, आवाज बसला तो सुधारेना, गिळायला त्रास झाला, तर सोनोग्राफी जरूर करा.

आता तपासणी खरंच कुणाला हवी. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडेरोन किंवा मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांना तर ती ठरावीक अंतराने हवीच. थायरॉइडचं ऑपरेशन, रेडिओआयोडीन किंवा मानेला रेडिएशन झालेल्यांनाही. टाइप वन मधुमेह असेल किंवा सख्ख्या नात्यात थायरॉइडचा आजार असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तक्रार असेल तर वय बघू नका: नव्याने थंडी सोसेनाशी होणं, बद्धकोष्ठता, विसरभोळेपणा किंवा उदासी वाढणं, कारण नसताना कोलेस्टेरॉल चढणं. जोरात चालणाऱ्या थायरॉइडचं उतारवयातलं रूप जास्त फसवं असतं. बरेचदा हात थरथरत नाहीत, घाम येत नाही. माणूस नुसता गप्प होतो, वाळत जातो, ठोके अनियमित होतात, आणि घरचे म्हणतात, "वय झालं." असं कुणी तुमच्या घरात असेल तर उद्याच टीएसएच करा.

शेवटी जे गोळी घेतात त्यांना. माझं ऐकून ती आज रात्री बंद करायची नाही. तुमच्यातल्या अनेकांना ती आयुष्यभर लागणार आहे. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, नाश्ता अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनी. डोस बदलला तर सहा-आठ आठवड्यांनी तपासा, एकदा बसला की वर्षातून एकदा पुरे.

गोळी का सुरू झाली हे ज्यांना आठवत नाही, त्यांनी ती सुरू होण्याआधीचा जुना रिपोर्ट शोधून ठेवा आणि पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना दाखवा. आज कुणी फाइल आणली असेल तर मी इथेच बसते, एकेक करून बघू.