पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर : आपल्या यात्रेचा दिवसवार कार्यक्रम
सोमवार ९ ते शुक्रवार १३ फेब्रुवारी २०२६

अमेय-केतकीच्या लग्नानंतरचं हे पहिलं कुलदेवीचं दर्शन, त्यामुळे यात्रेचं मुख्य ठिकाण तुळजापूर. बाकीचा बेत आजी आणि नानांच्या गुडघ्यांकडे पाहून आखला आहे. वाटेत आणखी दोन-तीन देवस्थानं सहज बसली असती, पण मुद्दाम घेतली नाहीत. एका दिवशी एकच मोठी रांग, हे मी शेवटपर्यंत पाळलं आहे.

वार ठरवतानाही गर्दी टाळली आहे. पंढरपूर एकादशीच्या आधी, अक्कलकोट-गाणगापूर गुरुवारच्या आधी आणि तुळजापूर मंगळवार-शुक्रवार सोडून.

आपण तेरा जण. गाडी सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, पाचही दिवस तीच आणि चालकही तेच. पुढच्या दोन जागा आजी-नानांच्या, त्या बदलायच्या नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी मागच्या रांगेत बसू नये.

पहिला दिवस, सोमवार : पुणे ते पंढरपूर (सुमारे २१० किमी)

सकाळी ६ वाजता कोथरूड, ६.३० ला स्वारगेट, ७ ला हडपसर. हडपसरला मोठ्या काकांकडची मंडळी रस्त्यावर उभी असावीत, गाडी आत सोसायटीत येणार नाही.

नाश्ता घरचा : वैशाली आत्याचे मेथीचे ठेपले, दही आणि लसणीची चटणी. भिगवणजवळ चहासाठी थांबू. या दिवसांत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी असतात. मुलांना रस्त्यावरून दिसले तर ठीक, पण नावेतून जायला वेळ ठेवलेला नाही. पुढे टेंभुर्णीला वळून दुपारी १२ च्या सुमारास पंढरपूर.

मुक्काम मंदिर समितीच्या भक्तनिवासात, पाच खोल्या. आजी-नानांची खोली तळमजल्यावर मागितली आहे. जेवण तिथेच, साधी थाळी. नंतर ३ वाजेपर्यंत सगळ्यांनी आडवं व्हायचं, मुलांनीसुद्धा.

साडेतीनला रिक्षांनी मंदिराकडे. मोठी गाडी तिथवर जात नाही. आजी, नाना आणि मोठ्या काकू मुखदर्शनाच्या रांगेत, सोबत मी. बाकीचे पदस्पर्श दर्शनाला. आजी, तुम्हाला पायांवर डोकं ठेवायचं आहे हे मला माहीत आहे. रांग खरोखरच कमी दिसली तर तुम्हालाही तिकडेच नेईन, पण तो निर्णय तिथे गेल्यावर. मोबाइल आत चालत नाहीत, ते खोलीवरच ठेवा. चुकामूक झालीच तर नामदेव पायरीपाशी भेटायचं. समोरच चोखोबांची समाधी आहे, तिथेही माथा टेकू.

रात्रीचं जेवण ८ वाजता : पिठलं, भाकरी, ठेचा. आजींसाठी मऊ भात आणि वरण सांगितलं आहे.

दुसरा दिवस, मंगळवार : पंढरपूर ते अक्कलकोट (सुमारे ११० किमी)

ज्यांना काकडआरतीला जायचं आहे त्यांनी रात्रीच अमेयला सांगावं, रिक्षा तोच ठरवेल. इतरांनी सातला चंद्रभागेवर. पुंडलिकाचं दर्शन वाळवंटातच होतं. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, आजी-नानांचा हात कुणीतरी धरलेला असावा. बुक्का, अष्टगंध, चुरमुरे आणि तुळशीच्या माळा परतताना घ्या.

नाश्ता पोहे आणि चहा. १०.३० ला निघून मोहोळवरून सोलापूर, तिथे जेवण : कडक भाकरी, शेंगाची चटणी, दाळकांदा. चारच्या आत अक्कलकोट.

मुक्काम दोन रात्री अन्नछत्र मंडळाच्या यात्री निवासात. सामान एकदाच उघडायचं. संध्याकाळी आधी वटवृक्ष मंदिर, मग समाधी मठ. स्वामींनी १८७८ साली वडाखाली देह ठेवला आणि समाधी चोळप्पांच्या घरी आहे, म्हणून दोन्हीकडे गेल्याशिवाय दर्शन पुरं झालं असं मला वाटत नाही. रात्री अन्नछत्रात महाप्रसाद. लागेल तेवढंच वाढून घ्या. देणगी घरातर्फे एकत्र देऊ.

तिसरा दिवस, बुधवार : गाणगापूर, परत अक्कलकोट (जाताना साधारण दोन तास)

सकाळी ६.३० ला निघू. गाणगापूर कर्नाटकात असल्याने तिकडचा परमिट चालकांनी आधीच काढला आहे. सोबत कपड्यांचा एक जोड, टॉवेल आणि प्रत्येकी एक बाटली पाणी. नाश्ता गाडीत : इडली-चटणीचे डबे यात्री निवासाजवळून.

प्रथम भीमा-अमरजा संगम. पोहता येणाऱ्यांनीही काठ सोडायचा नाही. ज्यांना स्नान नको त्यांनी पाय धुतले तरी पुरे. औदुंबराला प्रदक्षिणा घालून गावात निर्गुण मठाकडे. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचं दर्शन झरोक्यातून होतं, म्हणून रांगेत थांबताना मुलांना आधीच सांगून ठेवा कुठे पाहायचं ते.

दुपारची माधुकरी हा आजचा गाभा. मध्यान्ही दत्त महाराज कोणत्याही रूपात भिक्षेला येतात, ही इथली श्रद्धा. आपण माधुकरी मागायची आणि वाढायचीही. मागायला किमान पाच घरी जायचं. वाढायला पोळ्या आणि गुळ-खोबरं सुनंदा काकू सकाळी अक्कलकोटहून घेतील. समोर कोण आहे ते न पाहता प्रत्येकाला वाढा, कुणाला परतवू नका. जे मिळेल तेच दुपारचं जेवण. चिनूला भूक आवरणार नाही, त्याच्यासाठी वेगळा डबा आहे.

दोनला निघून चारला अक्कलकोट. संध्याकाळ मोकळी. रात्री महाप्रसाद.

चौथा दिवस, गुरुवार : अक्कलकोट, सोलापूर, तुळजापूर (सुमारे ८५ किमी)

पहाटे ६ वाजता सामानासह गाडीत. गुरुवारची गर्दी व्हायच्या आत गाव सोडायचं. सोलापुरात तळ्यातल्या सिद्धेश्वराचं दर्शन, नाश्ता, मग साडेनऊपर्यंत तुळजापूर. मंदिरापासून चालत दहा मिनिटांवरच्या हॉटेलात पाच खोल्या. दहाला ताबा देण्याचं त्यांनी कबूल केलं आहे.

मंदिर उतरणीवर आहे, म्हणजे परतताना चढ. आजी-नाना सावकाश, मधे दोनदा बसून. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थावर हातपाय धुऊन आत. ओटी केतकी भरेल : साडी, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बांगड्या. सगळं आईने पिवळ्या पिशवीत भरून ठेवलं आहे, ती पिशवी गाडीत नव्हे, केतकीच्या हातात. गाभाऱ्यात थांबू देत नाहीत, म्हणून नाव-गोत्र पुजाऱ्यांना आधीच सांगू. दर्शनानंतर चिंतामणीच्या गोल दगडापाशी मुलं रेंगाळतील, त्यांना थोडा वेळ द्या.

नैवेद्य आणि दुपारचं जेवण आपल्या नेहमीच्या पुजाऱ्यांच्या घरी, पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. तेरा पानं कळवली आहेत. त्यांच्या दक्षिणेचं पाकीट बाबांकडे. कवड्यांची माळ प्रत्येक घरासाठी एक घ्यायची, अमेय-केतकीची वेगळी.

संध्याकाळी ज्यांना हवं त्यांनी पुन्हा दर्शनाला जावं. रात्री हॉटेलात खिचडी-कढी.

पाचवा दिवस, शुक्रवार : तुळजापूर ते पुणे (सुमारे २९० किमी)

आज विजया एकादशी. आजी, नाना आणि वैशाली आत्यांसाठी साबुदाण्याची खिचडी हॉटेलात सकाळी ७ ला तयार असेल. दाण्याचे लाडू आणि केळी गाडीत. बाकीच्यांना उपमा. आठला प्रस्थान, इंदापूरजवळ जेवण, संध्याकाळी ४ पर्यंत हडपसर आणि साडेपाचपर्यंत कोथरूड. आईच्या सांगण्यावरून शेजारच्या काकू संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी करून ठेवणार आहेत.

रोजच्या गोळ्या प्रत्येकाने स्वतःच्या हातपिशवीत ठेवाव्यात, डिकीत नाही. आधार कार्डाची प्रत सगळ्यांनी आणा, खोली घेताना लागते. पहाटे गारठा असेल, आजींची शाल वर ठेवा. काही बदल असेल तर शनिवार ७ तारखेपर्यंत मला फोन करा, रविवारी मी खोल्या पक्क्या करतो.

श्रीकांत