‘बंधू मसाला केंद्र’ आता ‘काकूंचा डंक’

॥ श्री ॥

गणपती पेठ, सांगली

सप्रेम नमस्कार वि. वि.

येत्या गुढीपाडव्यापासून आपल्या दुकानावर नवी पाटी लागते आहे: ‘काकूंचा डंक’.

कारण आधीच सांगते, म्हणजे पेठेत उगाच तर्क नकोत. आमच्या घरची वाटणी झाली. भांडण नाही, तंटा नाही. हळदीचा ठोक व्यापार थोरल्या भाऊजींकडे गेला आणि त्याबरोबर जुनं नावही. बाहेरगावचे व्यापारी त्यांना त्याच नावानं ओळखतात, तेव्हा ते त्यांच्याकडेच राहणं बरोबर. दुकान आणि डंक आमच्या वाट्याला आले. तुम्ही तर नाहीतरी “काकूंकडनं चटणी कांडून आणली” असंच म्हणता, म्हणून तेच पाटीवर घातलं. “एवढी वर्षं सुचलं नव्हतं होय?” असं सासूबाई म्हणाल्या.

जागा तीच, फोन नंबर तोच, डंकावरची माणसंही तीच. कांडपाची मजुरी हा हंगाम संपेपर्यंत किलोला 50 रुपयेच. मिरचीचा दर मात्र बाजाराप्रमाणे, तो आमच्या हातात नाही.

चटणीबद्दल बऱ्याच जणींनी काळजीनं विचारलं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, हे प्रमाण तुमच्या-तुमच्या घरचं वहीत लिहिलेलं आहे आणि ती वही माझ्याकडेच आहे. कांदा उन्हात वाळवून मग तेलात तांबूस होईपर्यंत तळायचा, खोबरं वेगळं भाजायचं, लसूण शेवटच्या कांडपाला घालायचा. यात काडीचाही फरक नाही. दगडफूल आणि नाकेश्वर आधी निवडून, मगच भाजायला घेतो. हळद पूर्वीसारखीच वेगळ्या डंकावर, तिखटाचा हात तिला लागत नाही.

उधारीची वहीसुद्धा तीच. नाव बदललं म्हणून बाकी बुडाली, असं कुणी समजू नये!

बदल एवढाच, की पाडव्यापासून गल्ल्यावर नवा क्यूआर कोड असेल. मोबाईलमध्ये जुना सेव्ह असेल तर कृपया त्यावर पैसे टाकू नका, ते भाऊजींच्या खात्यात जातील आणि मला मागायला जावं लागेल. बिलावर नवा जीएसटी क्रमांक आणि पाकिटावर नवा अन्न परवाना क्रमांक दिसेल. पुण्या-मुंबईला पार्सल मागवणाऱ्यांनी पाकिटावरचं नाव वेगळं बघून ते परत पाठवू नये.

पाडव्याला सकाळी पूजा आहे, त्या दिवशी डंक बंद. चहा-साखरेला जरूर या. दुसऱ्या दिवसापासून कांडप नेहमीच्या वेळेला सुरू. नंबर आदल्या दिवशीच लावून ठेवा, एप्रिलात गर्दी किती होते ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि मिरची देठ काढून, कडकडीत वाळवूनच आणा. ओलसर मिरची ‘बंधू’मध्ये घेत नव्हतो, इथंही घेणार नाही.

आपली,
काकू