रिपल काउंटरच्या डिकोडरमधून खोटे पल्स का येतात?

प्रश्न : नमस्कार सर. मी यावलचा, जळगावला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. घरच्या केळीच्या ठिबकसाठी आठ व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडायचा प्रोजेक्ट करतोय. ५५५ चा क्लॉक ७४एलएस९३ ला दिलाय, त्याचे क्यूए, क्यूबी, क्यूसी ७४एलएस१३८ ला. एलईडी ओळीने बरोबर लागतात. फेऱ्या मोजायला वाय० दुसऱ्या ७४एलएस९३ च्या क्लॉकला जोडला, तर एका फेरीत तो कधी दोन मोजतो, कधी तीन. क्लॉक सेकंदाला एक इतका हळू केला तरी तेच. गंमत म्हणजे वाय० ऐवजी वाय१ जोडला की मोजणी बरोबर येते. आयसी खराब आहे का? वाय० ला कपॅसिटर लावू का?

उत्तर : आयसी बदलू नकोस भाऊ, ती ठणठणीत आहे. वाय१ जोडून पाहिलंस ते फार चांगलं केलंस, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

७४९३ मध्ये तुझा क्लॉक फक्त पहिल्या फ्लिप-फ्लॉपला मिळतो. दुसरा हलतो तो क्यूए खाली आला की, तिसरा क्यूबी खाली आला की. प्रत्येकाला हलायला दहा-पंधरा नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ३ वरून ४ वर जाताना तुझा काउंटर थेट ०११ वरून १०० वर उडी मारत नाही. आधी क्यूए पडतो, मग क्यूबी, मग क्यूसी चढतो :

०११ → ०१० → ००० → १००

मधले दोन आकडे म्हणजे २ आणि ०. डिकोडरला यातला खरा कोणता आणि वाटेतला कोणता हे कळायचा मार्गच नाही. समोर ००० दिसलं की तो वाय० खाली ओढतो. १ वरून २ वर जाताना तसंच : ००१ → ००० → ०१०. म्हणजे एका फेरीत वाय० एकदा खरा पडतो, ७ वरून ० वर येताना, आणि दोनदा खोटा. झाले तीन.

मग कधी दोन का? खोटा पल्स जेमतेम दहा-पंधरा नॅनोसेकंदांचा, आणि ७४एलएस९३ ला पहिल्या क्लॉक इनपुटवर साधारण तेवढ्याच, १५ नॅनोसेकंद रुंदीच्या पल्सची हमी लागते. असा काठावरचा पल्स कधी धरला जातो, कधी निसटतो.

क्लॉक हळू करून फरक पडला नाही, कारण पल्सची रुंदी फ्लिप-फ्लॉपच्या उशिरावर ठरते, क्लॉकच्या वेगावर नाही. एलईडी, रिले आणि मल्टिमीटर यांना तो दिसणार नाही. चांगला स्कोप वाय० वर ट्रिगर करून पाहिलास तर दिसेल.

आता वाय१. वाटेतला कोणताही आकडा क्यूए पडल्यानंतर येतो, म्हणून तो नेहमी सम असतो. विषम आउटपुटना हा त्रास होतच नाही. ०, २, ४, ६ यांनाच होतो. पण म्हणून वाय१ वर सर्किट सोडून देऊ नकोस. उद्या काउंटर वर मोजण्याऐवजी खाली मोजायला लावलास तर गणित उलटं होईल.

कपॅसिटर मात्र लावू नको. पल्स बुजेल कदाचित, पण कड इतकी मंद होईल की पुढचा काउंटर तिच्यावरच थरथरत दोनदा मोजू शकतो.

तुझ्या कामाला सगळ्यात सोपं म्हणजे वाय० वापरूच नकोस. क्यूसी एका फेरीत एकदाच खाली येतो, नेमका ७ वरून ० वर जाताना. पहिल्या आयसीची ८ नंबरची पिन दुसऱ्याच्या १४ नंबरला जोड. फ्लिप-फ्लॉपच्या थेट आउटपुटवर डिकोडिंगचा खोटा पल्स येत नाही.

डिकोडरचंच आउटपुट हवं असेल, तर १३८ ची ६ नंबरची पिन, म्हणजे जी१, ५ व्होल्टवरून काढ आणि ५५५ च्या आउटपुटला लाव. ७४९३ क्लॉक पडताना हलतो. त्या वेळी क्लॉक खाली असल्याने डिकोडर बंद राहतो. क्लॉक वर येईपर्यंत सगळे बिट स्थिर झालेले असतात. फक्त एक अट : क्लॉकचा खालचा काळ सगळ्या फ्लिप-फ्लॉपच्या एकत्र उशिरापेक्षा जास्त हवा. ७४एलएस९३ च्या चारही पायऱ्या मिळून जास्तीत जास्त ७० नॅनोसेकंद घेतात, तेव्हा ५५५ ला ते काहीच नाही. पण लक्षात ठेव, क्लॉक खाली असेपर्यंत तुझे व्हॉल्व्हही बंद होतील. म्हणून फेऱ्या मोजायला क्यूसी, व्हॉल्व्हला आहे तसं १३८, हेच मी करेन. रिलेला पंधरा नॅनोसेकंद जाणवतच नाहीत.

पुढच्या वेळी डिकोडरच नको असेल तर ४०१७ बघ. तो जॉन्सन काउंटर आहे, एका वेळी एकच फ्लिप-फ्लॉप बदलतो, म्हणून त्याची दहाही आउटपुटं स्वच्छ येतात. आठांवर थांबवायचं तर नववं आउटपुट, म्हणजे ‘८’ ची पिन, रीसेटला जोड. ७४१६३ सारखा सिंक्रोनस काउंटर घेतलास तर सगळे बिट जवळजवळ एकदम हलतात, पण ‘जवळजवळ’च, त्यामुळे तिथंही डिकोडरचं आउटपुट क्लॉक म्हणून वापरू नये.