कोण कोणाला आठवतं? – सूफी प्रेम आणि जिक्र : वाचन-मार्गदर्शिका (द्वितीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

विद्यार्थिमित्रांनो,

आपल्या भागातल्या बहुतेकांना सूफी म्हटलं की उरूस, चादर आणि कव्वाली आठवते. ते खोटं नाही. पण या घटकात आपण मजकूर वाचणार आहोत आणि तो सावकाश वाचायचा आहे. एक प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवा: ईश्वराचं स्मरण, म्हणजे जिक्र, नेमकं कोण सुरू करतं? भक्त, की ईश्वर?

सुरुवात कुराणातल्या दोन वचनांपासून करा. सूरा 5, आयत 54 मध्ये ईश्वर ज्या लोकांना आणील त्यांच्याबद्दल म्हटलंय की तो त्यांच्यावर प्रेम करतो आणि ते त्याच्यावर. क्रम पाहा: आधी ‘तो’. सूरा 2, आयत 152 मध्ये मात्र उलट आहे: ‘तुम्ही माझं स्मरण करा, मी तुमचं स्मरण करीन.’ सूफींनी या दोन्ही आयतींवर शतकानुशतके विचार केला. वाचताना ही ओढाताण मिटवायची घाई करू नका.

मग बसऱ्याची सूफी संत राबिया. तिचं निधन 801 च्या सुमारास झालं असं परंपरा मानते. तिने स्वतः लिहिलेलं पुस्तक नाही. तिच्याबद्दल जे वाचतो ते नंतरच्यांनी नोंदवलेलं आहे, हे टिपणात आवर्जून लिहा. तिच्या नावावरच्या दोन प्रेमांच्या कवितेचा आशय असा: मी तुझ्यावर दोन प्रकारे प्रेम करते, एक माझ्या ओढीचं आणि एक तू ज्याला पात्र आहेस ते. ओढीचं प्रेम म्हणजे इतर सगळं सोडून तुझ्या स्मरणात गुंतणं. दुसरं म्हणजे तू पडदा दूर करावास आणि मी तुला पाहावं. आणि या दोन्हींचं श्रेय माझं नाही, तुझंच.

इथे थांबा. स्मरण तिने कुठे ठेवलंय? आपण ज्याला भक्तीची उंची समजतो, ते तिने पहिल्या, आपल्याच ओढीच्या खात्यात टाकलंय. मला ही साऱ्या घटकातली सर्वांत धाडसी जागा वाटते. त्यावर निदान एक पान लिहून या.

इमाम गझाली (निधन 1111) यांनी या कवितेचा अर्थ लावला: पहिलं प्रेम ईश्वराच्या उपकारांमुळे, दुसरं त्याच्या सौंदर्यामुळे. जिक्रच्या पायऱ्याही त्यांनी सांगितल्या आहेत. आधी जीभ म्हणते आणि मन भलतीकडे असतं. पुढे मनाला ओढून आणावं लागतं. मग ते आपणहून तिथे राहतं, इतकं की हलवणं अवघड. शेवटी ज्याचं स्मरण करतोय तोच मन व्यापतो आणि आपण स्मरण करतोय हे भानही उरत नाही. आता राबियाची कविता पुन्हा वाचा; पहिल्या वाचनात न दिसलेलं काही दिसेल.

सूफी हल्लाजचा (मृत्युदंड 922) ‘अनल हक्क’, म्हणजे ‘मीच सत्य’, हा उद्गार वर्गात घेऊ. घरी फक्त संदर्भ पाहून ठेवा.

आता आपल्या मातीकडे. तापीकाठचं बुऱ्हाणपूर, खानदेशाच्या फारुकी राजांनी 1400 च्या सुमारास वसवलेलं, खुलताबादच्या चिश्ती संत बुऱ्हानुद्दीन गरीब (निधन 1337) यांच्या नावाने ओळखलं जातं. ते निजामुद्दीन औलियांचे शिष्य. समा, म्हणजे भक्तिसंगीत ऐकणं, हा त्यांच्या साधनेचा गाभा होता. नक्शबंदी परंपरेचा भर मात्र मनातल्या मूक जिक्रवर. एक मोठ्याने, एक गुपचूप, आणि दोघांनाही स्मरणच हवं आहे. कोणती वाट बरोबर, हे ठरवायला मी सांगत नाही. आवाज आणि शांतता यांतून प्रेमाबद्दल प्रत्येकाचं काय म्हणणं आहे, ते शोधा.

याच बुऱ्हाणपुरात मुहम्मद बिन फजलुल्लाह यांनी 1590 मध्ये अस्तित्वाच्या सात पातळ्यांवर एक छोटा अरबी ग्रंथ लिहिला, आणि तो सुमात्रापर्यंत पोचला. सारं अस्तित्व एकाच सत्याचं प्रकटन असेल, तर आपला प्रश्न आणखी टोकदार होतो: स्मरण करणारा वेगळा कोण उरला?

वारकरी नामस्मरणाची आठवण तुम्हाला होणारच. तुलना जरूर करा, पण राबिया आणि गझाली नीट वाचून झाल्यावर. ‘सगळे एकच सांगतात’ हे वाक्य वाचायच्या आधी लिहिलं, तर वाचायला काही उरत नाही. फरकही लिहा: कोणता शब्द, कोणता हावभाव, कोणाची संगत.

निबंध आठशे शब्दांचा, जानेवारीच्या पहिल्या सोमवारी वर्गातच द्यायचा. विषय: ‘राबियाच्या कवितेत स्मरण खालच्या पायरीवर आहे का?’ हो किंवा नाही, काहीही म्हणा. कवितेतल्या ओळी आणि गझालींची किमान एक पायरी यांच्या आधारे म्हणा. अहिराणीत लिहायचं असेल तरी चालेल.