कुळदैवताच्या दारी: भावकीच्या जेजुरी यात्रेआधी दाखवायच्या फिल्मचं निवेदन

(यात्रेच्या आधीच्या रविवारी सगळी भावकी थोरल्या घरी जमते, तेव्हा ही फिल्म लावायची. निवेदन सावकाश वाचावं. नव्या सुना आणि कॉलेजातली मुलं समोर बसली आहेत असं धरूनच वाचावं.)

दृश्य: थोरल्या घरचं देवघर. ताम्हनात तीन टाक. कॅमेरा जवळ.

निवेदक: हे टाक नीट बघा. धातूच्या पातळ पत्र्यावर ठोकून आकृती उठवली की टाक होतो. पहिल्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा आहे, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा. दुसऱ्यावर महिषासुराला मारणारी भवानी. तिसरा वीराचा, म्हणजे आपल्या पूर्वजाचा. देव आणि पूर्वज एकाच ताम्हनात पूजले जातात. कुळ म्हणजे काय, ते या तीन पत्र्यांत आलं.

वीराच्या टाकाचं नाक-डोळे आता जवळजवळ पुसले गेलेत. सणाला पावडर लावून घासघासून ही झीज झाली. टाक पाण्याने धुवावेत आणि मऊ कापडाने टिपावेत, एवढंच पुरे. अगदीच झिजला तर सोनाराकडून नवा घडवून घ्यायचा आणि जुना वाहत्या पाण्यात सोडायचा. पण आधी जुन्याचा फोटो घ्यावा. नाहीतर सोनार त्याच्याकडच्या तयार साच्यातून टाक काढतो आणि कुळाची खूणच बदलून जाते.

दृश्य: जुनी लग्नपत्रिका. वर ‘श्री खंडोबा प्रसन्न, श्री तुळजाभवानी प्रसन्न’.

निवेदक: चार शब्दांची गल्लत नेहमी होते, ती आज मिटवू. कुळ म्हणजे एका मूळ पुरुषापासून पसरलेली आपली भावकी. गोत्र ऋषीच्या नावावरून येतं आणि ते फार मोठ्या वर्तुळाचं आहे. काश्यप गोत्र सांगणारी घरं असंख्य गावांत आणि अनेक जातींत सापडतात, शिवाय गोत्र ठाऊक नसलं की काश्यप सांगायचा रिवाजही आहे. म्हणून गोत्र जुळलं म्हणजे कुळ जुळलं असं होत नाही. देवक ही लग्नकार्याला पूजायची कुळाची खूण. आपलं देवक कळंब, म्हणून कळंबाची फांदी आणून मांडवात पूजतो आणि आपल्या बांधावरचा कळंब तोडत नाही. देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही, तेव्हा स्थळ बघताना पत्रिकेच्या आधी देवक विचारा.

राहिलं आडनाव. त्याच्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवा. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनाची नावं आहेत. शेजारच्या दोन गावांतले पाटील वेगळ्या कुळांचे असू शकतात, आणि एकाच कुळातली दोन घरं वेगळी आडनावं लावत असू शकतात.

ग्रामदैवत गावाचं असतं, गाव सोडलं की त्याचा मान तिथेच राहतो. इष्टदैवत ज्याचं त्याने मनाने निवडलेलं. कुळदैवत मात्र माणसाबरोबर चालतं. आपले पूर्वज दुष्काळात देशोधडीला लागले असतील, फौजेत गेले असतील किंवा वतनावर गेले असतील. टाक त्यांच्याबरोबर गेले, मूळ ठाणं जागेवर राहिलं. म्हणून कुळदैवत राहत्या गावापासून लांब असणं हीच रीत आहे.

कधी ठाणंही हलतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या साष्टी भागातून मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा हे देव भक्तांनी फोंड्याच्या बाजूला नेले, आणि आजही त्या कुळांची मुंबईची माणसं तिथेच जातात.

दृश्य: जेजुरी. पायऱ्या, दीपमाळा, मंदिरापुढचं पितळी पत्र्याचं कासव.

निवेदक: खंडोबाची ठाणी पुष्कळ आहेत: सातारा जिल्ह्यात पाल, धाराशिवमध्ये नळदुर्ग, नांदेडमध्ये माळेगाव. आपल्या कुळाचं ठाणं जेजुरी. देव एकच असला तरी नवस, जागरण आणि टाकांची भेट आपण जेजुरीलाच करतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा शब्द तिथे दिलेला आहे.

दर वर्षी का जायचं? वर्षाकाठी टाक मूळ ठाण्याला भेटवायचे असतात. त्याला आपण देवभेट म्हणतो. दुसरं कारण माणसांचं आहे, आणि आमच्या मते ते तितकंच मोठं आहे. वाटणी झाली की थोरल्याकडे मूळ देव राहतात, धाकटे नवे टाक घडवतात आणि देवभेट झाल्यावरच ते देव्हाऱ्यात बसवतात. मग घरं पांगतात. सलग काही वर्षं भेट चुकली की चुलतभावांची मुलं एकमेकांना ओळखत नाहीत. आणखी एक पिढी गेली की सोयरीक ठरवताना भाऊबंद कोण हेच सांगता येत नाही. वर्षातली ही एक फेरी कुळाची हजेरी घेते. नवी सून पहिल्यांदा पाया पडते, तान्ह्याला देवापुढे ठेवतात, आणि कोण आलं नाही हेही सगळ्यांना दिसतं.

लेक सासरच्या कुळात मोजली जाते. तरी माहेरच्या यात्रेला तिने यावं, तिला कुणी आडकाठी करू नये.

दृश्य: घरातली तळी.

निवेदक: मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस खंडोबाचं षड्‌रात्र. सहाव्या दिवशी चंपाषष्ठी. चातुर्मासात वांगं आणि कांदा वर्ज्य असतो, तो या दिवशी सुटतो. नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. तळी आधी घरी उचलायची. ताटात पाच विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी, भंडारा, नाणी. पाच पुरुष, डोक्यावर टोपी. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तीनदा उचलून ताट खाली ठेवलेल्या विड्यावर टेकवायचं. पाच नसतील तर तीन चालतात, विषम आकडा राखावा. नेहमी घोटाळा होतो तो हा, की कुणीतरी एका हाताने ताट उचलतो, ताट कलंडतं आणि भंडारा जमिनीवर जातो. दोन्ही हात लावा.

जेजुरीला आपण चंपाषष्ठीनंतरच्या गुरुवारी जातो. रविवार देवाचा वार, तेव्हा रांग मोठी. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते. तो सोहळा जरूर पाहावा, पण म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं घेऊन जाऊ नये.

बस चिंचवडहून पहाटे पाचला सुटेल. टाक थोरल्या घरच्या माणसाने मांडीवर धरायचे. तांब्याच्या डब्यात, प्रत्येक टाक वेगळ्या कापडात, म्हणजे एकमेकांवर घासत नाहीत. गडाच्या वाटेवर अर्ध्यावर बाणाईचं देऊळ लागतं, तिथे आधी थांबायचं. नव्या जोडप्याने पाच पायऱ्या तरी बायकोला उचलून चढायची रीत आहे. ज्याची पाठ दुखते त्याने हट्ट करू नये, हात धरून चढलं तरी चालतं. भंडारा उधळला की दगड निसरडा होतो. चढताना कळत नाही, उतरताना पाय घसरतात. कडेने आणि आधाराने उतरा. भंडारा हळदीचाच घ्या. रंग मिसळलेली पिवळी पूड डोळ्यांत गेली तर फार झोंबते. डोळ्यांत गेलीच तर चोळू नका, पाण्याने धुवा.

गाभाऱ्यात गर्दी असली तर पुजारी टाक हातात घेऊन लगेच परत देतात. परत मिळाले की तिथेच तीन मोजून घ्या.

ज्या घरी सुतक किंवा सोयर आहे त्यांनी यंदा थांबावं, त्यांचे टाक थोरल्या घराने न्यावेत. ज्यांना आपलं ठाणं नक्की ठाऊक नाही असे दूरचे भाऊबंद भेटले, तर पणजोबांचं नाव, मूळ गाव आणि जुन्या पत्रिकेवरचं ‘प्रसन्न’ विचारा. त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज येऊन गेल्याची नोंद निघू शकते. त्यासाठी आडनाव पुरत नाही, गाव सांगावं लागतं. आपल्या घराची नोंद कुठे आहे हे थोरल्या घरच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय. प्रत्येकाने आजच त्याचा फोटो घ्यावा.