बाळाच्या हृदयातल्या छिद्राबद्दल, घरी निवांत वाचायला

ताई, दादा, सकाळी ओपीडीत इको झाल्यावर तुमचे चेहरेच उतरले होते, मी काय बोलले त्यातलं निम्मं पण डोक्यात गेलं नसणार, म्हणून परत लिहितेय. आजीलाही वाचून दाखवा.

बाळाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये जो पडदा असतो त्यात 3 मिलिमीटरचं छिद्र आहे, त्याला आम्ही व्हीएसडी म्हणतो. जन्मजात हृदयदोषांत हाच सगळ्यात जास्त दिसतो. डावीकडचं शुद्ध रक्त त्यातून थोडं उजवीकडे जातं आणि परत फुफ्फुसात फिरून येतं. दीड महिन्याच्या लसीला गेलात तेव्हा डॉक्टरांना जो मर्मर ऐकू आला तो त्या रक्ताचा आवाज. दादा तुम्ही विचारलंत ना, की जन्मल्यावर तपासलं तेव्हा कुणाला कसं नाही कळलं? त्यात कुणाचीच चूक नाही हो, जन्मताना फुफ्फुसातलं प्रेशर जास्त असतं त्यामुळे छिद्रातून रक्त फारसं जातच नाही, मग पुढच्या काही आठवड्यांत ते प्रेशर उतरतं आणि आवाज सुरू होतो. आणि आवाज मोठा म्हणजे छिद्र मोठं असं नसतं, नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी कसं जोरात फुसफुसतं, तसंच, लहान छिद्राचाच आवाज बरेचदा जास्त येतो.

आपल्या बाळाचं छिद्र पडद्याच्या स्नायूच्या भागात आहे, तिथली लहान छिद्रं बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. हृदयाचा आकार नॉर्मल आहे, वजन 4 किलो 100 ग्रॅम, म्हणून आत्ता औषध नाही आणि ऑपरेशनचा तर विषयच नाही.

ताई, तुम्ही दारात थांबून हळूच विचारलंत, ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं का. नाही. अजिबात नाही. हा पडदा पोटात पहिल्या दोन महिन्यांतच तयार होतो आणि बहुतेक बाळांत तो अर्धवट का राहिला याचं एक असं कारण सापडतच नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही, कुणी घरात तसं बोललं तर हा मेसेज दाखवा.

लक्ष फक्त पाजताना ठेवा. दूध पिताना कपाळावर घाम येतोय, चार घोट पिऊन दमतंय, सोडून परत धरतंय, किंवा वजन वाढायचं थांबलंय, तर तारखेची वाट न बघता या. गाढ झोपेत पोट वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा, 60 किंवा जास्त आलं तर परत मोजा, तेवढंच आलं किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर लगेच निघा. ओठ-जीभ निळी दिसली तर रात्री 2 वाजता पण.

बाकी अंगावरचं दूध, आंघोळ, मालीश, लसी सगळं नेहमीसारखं. रडलं म्हणून छिद्र वाढत नाही, आजी त्याला खाली ठेवूच देत नाहीयेत असं कळलं म्हणून सांगते. 4 आठवड्यांनी वजनाचं कार्ड घेऊन या, इको मात्र सहाव्या महिन्यात करू.